भाड्याची खोली, सोलणारा रंग : कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर, शनिवार

पलंग भिंतीपासून ओढला आणि उशाच्या मागचा रंग चादरीवर आला. ताटाएवढा एक पोपडा सरळ हातात. ही खोली भाड्याने घेऊन सात महिने झालेत आणि आम्ही येण्याच्या थोडंच आधी ती रंगवलेली होती, म्हणजे हा रंग वर्षभरही टिकला नाही. आज रंगाची कार्डं आणायला जायचं ठरलं होतं, ते रद्द. आधी हा रंग का सोडतोय ते कळलं पाहिजे. नाहीतर माझा रंगही याच वाटेने जाईल.

दादा पूर्वी दोन वर्षं रंगकामाच्या एका कंत्राटदाराकडे होता. त्याला फोटो पाठवला, तर म्हणाला, "भिंत कशाला दाखवतेस? पोपडा उलटा कर आणि त्याची पाठ बघ." मग खोलीत तीन ठिकाणचे पोपडे काढून वर्तमानपत्रावर पालथे मांडले. तिन्हींच्या पाठी वेगळ्या निघाल्या.

उशामागच्या लांब भिंतीवरच्या पोपड्याच्या पाठीला पांढरी भुकटी. बोट फिरवलं की बोट खडूसारखं पांढरं होतं. खाली भिंतीवरही तीच भुकटी आहे. खाली जुना डिस्टेंपर असून त्यातला बांधणारा अंश संपलाय, त्यामुळे नवा रंग भिंतीला चिकटलाच नाही, भुकटीला चिकटला. इमल्शन वाळताना थोडं आकसतं आणि आकसताना खालच्या थराला ओढतं. खालचा थर कच्चा असला की तोच सुटून येतो.

दाराजवळच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीच्या पट्ट्यातल्या पोपड्याची पाठ मात्र स्वच्छ, गुळगुळीत, रबरासारखी आहे. खाली चकचकीत ऑइल पेंट दिसतो. इथे खालचा थर भक्कम आहे, इतका भक्कम आणि गुळगुळीत की वरच्याला पकडायला जागाच नाही. नखाने कड उचलली तर हातभर पट्टी फाटकन निघाली, दुधावरची साय निघावी तशी.

तिसरा पोपडा कपाटामागच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरचा. त्याच्या पाठीवर काळे ठिपके आहेत आणि हाताला तो गार, दमट लागतो. खोली एक आणि आजार तीन. दोष मात्र सगळा रंगाला मिळालेला.

५ ऑक्टोबर, रविवार

कपाट ओढून बाजूला केलं. बाहेरच्या भिंतीला ओल आहे हे दिसतंय, पण ती भिंतीतून येतेय की खोलीतल्या हवेतून, हा खरा प्रश्न. साधारण दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप मारून भिंतीवर घट्ट चिकटवला. किमान सोळा तास तसाच ठेवायचा. पाणी प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतून येतेय, म्हणजे गळती किंवा बाहेरचा पाऊस, आणि ते घरमालकाने दुरुस्त करेपर्यंत रंगाचा डबा उघडायचाही नाही. खोलीकडच्या बाजूला दव जमलं तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसतेय.

तोवर बाकीच्या भिंतींची तपासणी केली. गडद रंगाचा कोरडा कपडा घासला तर कुठे भुकटी येते ते कळतं. ती फक्त उशामागच्या भिंतीवर आणि छताच्या एका कोपऱ्यात आली. मग ओला स्पंज तिथे दोन मिनिटं धरून चोळला, तर पांढरं दूध ओघळलं. पाण्यात विरघळतोय तो डिस्टेंपर, शंकाच नाही. कापसावर स्पिरिट घेऊन दाराजवळच्या वरच्या थरावर चोळलं, तर रंग मऊ होऊन कापसावर आला, म्हणून तो पाण्याचा रंग. त्याच्या खालच्या चकचकीत थरावर तेच स्पिरिट चोळलं, तर त्याला काही झालं नाही. तो तेलाचा रंग.

तो ऑइल पेंट किती जुना आहे ते कुणालाच माहीत नाही. जुन्या तेलाच्या रंगांत शिसं असू शकतं आणि कोरडा घासला की ते धुळीबरोबर छातीत जातं. त्याचा एक पापुद्रा पिशवीत घालून प्रयोगशाळेत तपासायला द्यायचा. निकाल येईपर्यंत त्या पट्ट्याला हात लावायचा नाही.

६ ऑक्टोबर

प्लास्टिकची आतली बाजू कोरडी. बाहेरच्या बाजूला, खोलीकडे, बारीक दव. सुटलो! भिंत गळत नाही. कपाट तिला चिकटून उभं होतं, मागे हवा खेळत नव्हती आणि रात्रभराच्या श्वासांची वाफ तिथे बसत होती.

८ ऑक्टोबर

घरमालकीण काकूंना फोन केला. खर्च माझा, पण परवानगी त्यांची. त्यांची एकच अट : "रंग फिक्काच लाव गं, आणि गडद लावलास तर जाताना परत पांढरा करून दे." रास्त आहे. आधीचा रंग कुणी लावला होता ते विचारलं, तर म्हणाल्या, दोन दिवसांत पूर्ण घर करून दिलं होतं. दोन दिवसांत पूर्ण घर! भिंतीवर हात फिरवून बघायलाही रंगाऱ्याला वेळ मिळाला नसणार. ओल्या भागाचे फोटो आणि जुन्या पोपड्यांचे फोटो तारखेसह काकूंना पाठवून ठेवले. उद्या कशावरून वाद नको.

११ ऑक्टोबर, शनिवार

पापुद्र्यात शिसं नाही, असा निकाल काल आला. आज खरवडण.

उशामागची भिंत सगळ्यात कष्टाची. नुसतं सुटलेलं खरवडून उरलेल्यावर रंग मारण्याचा मोह होतो, पण आज घट्ट वाटणारा भाग सहा महिन्यांनी सुटणार, कारण खालची भुकटी तीच आहे. म्हणून पूर्ण भिंत घेतली. स्पंजने पाणी लावायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं, मग पत्र्याने खरवडायचं. पत्रा भिंतीला जवळजवळ आडवा धरला की तो थराखाली शिरतो, उभा धरला की प्लास्टरला ओरखडे काढतो. पहिला तास हे कळलं नाही आणि त्याच्या खुणा भिंतीवर आहेत. खरवडून झाल्यावर ओल्या स्पंजने भिंत धुतली. बादलीतलं पाणी तीनदा दुधाळ झालं, चौथ्यांदा नितळ राहिलं तेव्हा थांबलो.

दाराजवळच्या पट्ट्यावरचं इमल्शन सोलायला वीस मिनिटं लागली, इतकं ते सैल होतं. खालचा ऑइल पेंट मात्र काढायचा नाही. तो घट्ट आहे आणि घट्ट असलेलं काढणं म्हणजे उगाच प्लास्टर फोडणं. त्याची फक्त चकाकी मारायची. आधी साबणाच्या पाण्याने धुवून हातांचा चिकटपणा काढला. हे पॉलिश पेपरच्या आधी करायचं, नाहीतर तेलकटपणा घासून आणखी आत जातो. मग १८० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून, आरशासारखा पट्टा पाटीसारखा दिसेपर्यंत गोल गोल घासला. बल्ब तिरपा धरला की कुठे चमक राहिलीय ते लगेच दिसतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

कपाटामागची बुरशी. एक भाग घरातलं ब्लीच आणि तीन भाग पाणी, पंधरा मिनिटं राहू दिलं, मग घासून साध्या पाण्याने धुतलं. खिडकी उघडी, हातात मोजे, आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही साफ करायचं द्रव्य मिसळायचं नाही. बुरशीवर नुसता रंग मारला तर ती रंगाच्या खाली जगते आणि काही महिन्यांत ठिपके वर येतात.

आता आठवडाभर काही नाही. भिंती ओल्या आहेत, पंखा चालू. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत गादी टाकून.

१४ ऑक्टोबर

भिंती वाळताहेत तोवर रंगाचा विचार. खरं तर आधी फिनिशचा, कारण ते भिंतीने ठरवून टाकलंय. खिडकी आखूड भिंतीत आहे, त्यामुळे उजेड लांब भिंतीवरून घसरत जातो. असा तिरपा उजेड प्रत्येक खळगा, पत्र्याची प्रत्येक खूण उघडी पाडतो, आणि रंगाला जितकी चकाकी जास्त तितकं ते जास्त दिसतं. माझी पुट्टी काही कारागिराच्या हातची होणार नाही. म्हणून लांब भिंतीला मॅट.

मला सॅटिन आवडतो, तो पुसता येतो. पण भाड्याच्या घराच्या दृष्टीने मॅटची एक गोष्ट फार मोठी आहे. खिळ्याचं भोक बुजवून त्यावर थोडा रंग टेकवला की मॅटमध्ये डाग मिसळून जातो. सॅटिनमध्ये तोच डाग वेगळा चमकत राहतो आणि शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भिंत रंगवावी लागते. घर सोडायच्या आदल्या आठवड्यात हे कुणाला हवंय! दार आणि बटणांजवळ हात लागतात, तिथे त्याच रंगाचा हलक्या चकाकीचा प्रकार घेणार आहे. तो पट्टा छोटा आहे आणि तिथे उजेड समोरून पडतो. छत अर्थातच मॅट.

१५ ऑक्टोबर

चार नमुन्यांच्या छोट्या डब्या आणल्या. भिंतीवर चट्टे मारले नाहीत, कारण खालचा जुना रंग डोळ्याला फसवतो आणि त्या चट्ट्यांच्या कडा पुढे नव्या रंगातूनही दिसतात. जाड पांढऱ्या कार्डशीटवर दोन दोन हात दिले.

दुकानातल्या कार्डावर जो करडा सुंदर होता, तो आमच्या खोलीत दिवसा आजारी दिसतो. एकच खिडकी, थेट ऊन नाही, आधीच थंड उजेड, त्यात निळी झाक. दुसरा हिरवट करडा दिवसा छान, पण रात्री आमच्या पिवळ्या, २७०० केल्विनच्या बल्बखाली चिखलाचा होतो. तिसरा, किंचित पिवळसर पांढरा, दोन्ही वेळांना सारखाच वाटतो.

आणि एक गंमत समजली. लहान खोलीत भिंती एकमेकींवर उजेड फेकतात, त्यामुळे रंग कार्डापेक्षा गडद आणि भडक वाटतो. ते आधीच बघायचं तर एकाच रंगाची दोन कार्डं काटकोनात जोडून खोलीच्या कोपऱ्यात उभी धरायची. मातकट गुलाबी रंग सपाट कार्डावर सौम्य होता, कोपऱ्यात धरल्यावर दोन कार्डांच्या सांध्यात चक्क विटेचा झाला. त्याच कार्डावरची एक पायरी फिक्की छटा घ्यायची ठरली.

१६ ऑक्टोबर

ठरलं. तीन भिंती पिवळसर पांढऱ्या, उशामागची मातकट गुलाबी. डब्याच्या माहितीत एलआरव्ही नावाचा आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा, शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. पांढऱ्याचा ७८ आहे, गुलाबीचा ५५. आमच्या ह्यांना गडद निळी भिंत हवी होती. मी अडून बसले ती काकूंच्या अटीसाठी नाही, कारण वेगळं आहे. गडद मॅटवर उशी किंवा खांदा घासला की पांढुरक्या चकचकीत रेघा उठतात आणि त्या पुसल्या की वाढतात. शिवाय निळ्यावर परत पांढरा बसवायला दोन हात पुरत नाहीत. ह्यांनी निळी चादर मागून घेतली. तह झाला.

रंगाचा हिशोब : खोली ३ मीटर बाय २.७, उंची २.७. भिंतींचा घेर ११.४, गुणिले उंची म्हणजे जवळपास ३१ चौरस मीटर. दार-खिडकी वजा जाता साडेसत्तावीस. एक लिटरमध्ये एका हाताला साधारण अकरा चौरस मीटर धरले तर दोन हातांना पाच लिटर. त्यातली गुलाबीची भिंत आठ चौरस मीटर, म्हणजे तिला दीड लिटर पुरतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धुतलेल्या भिंतीवर आधी आत मुरणारा, भुकटी बांधणारा प्रायमर. पुट्टीच्या आधी! मला हे उलटं वाटत होतं. पण कितीही धुतलं तरी प्लास्टरच्या छिद्रांत थोडा डिस्टेंपर उरतोच, आणि त्यावर पुट्टी भरली तर पुट्टीसकट सुटेल. प्रायमर वाळल्यावर गडद कपडा घासून बघितला, कपडा स्वच्छ. ऑइल पेंटच्या पट्ट्याला चकचकीत थरावर पकडणारा वेगळा प्रायमर लावला. संध्याकाळी पुट्टीचा पहिला पातळ हात. जाड भरली की वाळताना तडे जातात, म्हणून खोल खळगे दोन वेळा भरायचे.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी पुट्टीचा दुसरा हात. दुपारी वाळल्यासारखी दिसली. आधी १८० ने, मग २४० ने घासली. नाकाला मास्क असूनही भुवया पांढऱ्या झाल्या. संध्याकाळी पाहुणे येणार होते, म्हणून केरसुणीने भिंत झाडली आणि घाईघाईने प्रायमर मारून टाकला.

२१ ऑक्टोबर

मन खात होतं. ब्लेडने प्रायमरवर फुलीसारखे दोन काप दिले, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबली, एका मिनिटाने सरळ उलट दिशेने ओढली. पट्टीवर फुलीच्या आकाराचा पांढरा तुकडा आला. आणि त्याची पाठ? भुकटी. या वेळी जुना डिस्टेंपर नाही, माझ्याच पुट्टीची धूळ. केरसुणीने ती झाडली जात नाही, नुसती पसरते. ज्या पापासाठी मी आधीच्या रंगाऱ्याला नावं ठेवली, तेच मी एका रविवारच्या घाईत केलं.

चार ठिकाणी चाचणी घेतली. जिथे नुसता पहिला प्रायमर होता तिथे पट्टी कोरी आली. जिथे पुट्टी होती तिथे सगळीकडे सुटलं. म्हणजे दोष कुठल्या थरात आहे ते नक्की झालं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पुट्टीवरचा प्रायमर सगळा घासून काढला. मग मऊ ब्रश लावून व्हॅक्यूम फिरवला, मग घट्ट पिळलेल्या ओलसर कपड्याने वरून खाली पुसलं आणि दर तीन-चार फेऱ्यांनी कपडा धुतला. कपडा निथळता नको, नाहीतर पुट्टी विरघळते. तळहात फिरवला, हात कोरा. दोन तास पंखा लावून पुन्हा प्रायमर. छताचे दोन्ही हात आजच उरकले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मान दुखतेय एवढंच.

२६ ऑक्टोबर, रविवार

चिकटपट्टी ओढली, कोरी. मग भिंतींना रंगाचा पहिला हात. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घातलं. जास्त पाण्याने रोलर हलका फिरतो, पण रंगाला बांधणारा चीकही पातळ होतो आणि तो पुढे खडूसारखा निघतो. कोपरे ब्रशने आणि लगेच त्यालगत रोलर, कड ओली असतानाच. दादाने एक टोक धरलं, मी दुसरं.

पहिल्या हातानंतर गुलाबी भिंत भयानक दिसते, ढगाळ आणि पट्टेदार. मध्येच बोट लावायचा मोह आवरला. अर्धवट वाळलेल्यावर रोलर फिरवला की खालचा थर उचलला जातो.

१ नोव्हेंबर, शनिवार

दुसरा हात. खरं तर चार-सहा तासांनी देता आला असता, पण आठवड्यात वेळ मिळाला नाही. पट्टे गेले, भिंत एकसारखी झाली.

दोन रंगांच्या सीमेवरची मास्किंग टेप शेवटचा रंग अजून ओलसर असतानाच काढली, तिरपी, स्वतःवरच दुमडत. एका ठिकाणी विसरले. रात्री ओढली तर रंगाची दोराएवढी चिरोटी तिच्याबरोबर आली. वाळलेली टेप काढायची तर आधी तिच्या कडेने ब्लेडची हलकी रेघ मारायला हवी होती. तेवढ्या जागी बारीक ब्रशने टेकवलं. मॅट आहे, दिसत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

रंग हाताला काही तासांत सुकतो, पण पुरता घट्ट व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर भिंत पुसली नाही, काही टांगलं नाही, पलंगही चार बोटं पुढे ठेवला होता. आज पलंग जागेवर गेला. बटणाभोवती ओला कपडा फिरवून बघितला, बोटांचे डाग गेले, रंग नाही आला.

कपाटाच्या पायांमागे भिंतीलगत दोन लाकडी ठोकळे टाकलेत, त्यामुळे ते आता भिंतीपासून आठ सेंटिमीटरच्या आत जाऊच शकत नाही. रात्री खिडकीची वरची फट उघडी ठेवतो. आज सकाळी मागे हात घालून बघितला, भिंत गार आहे पण कोरडी.

उरलेला रंग तीन काचेच्या बरण्यांत गळ्यापर्यंत भरला, कारण वर हवा कमी राहिली की साय धरत नाही. प्रत्येकीवर छटेचा क्रमांक, फिनिश, तारीख आणि कुठली भिंत ते लिहिलं. काकूंना त्याचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं : "बाकीच्या खोल्यांचं पण बघ ना."

बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर गडद कपडा घासून बघितला. पांढरा झाला.